चारशे सतरा क्रमांकाच्या चार ओळी

ज्या गृहस्थांविषयी मी हे लिहीत आहे, त्यांची नोकरी घालवण्याची माझी पूर्ण तयारी झाली होती. अर्ज टंकून झाला होता, सोबतची कागदपत्रे क्रमवार लावली होती, आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्यांचे नाव लिहायचे तेवढे बाकी होते.

घरपोच प्राणवायूच्या टाक्या पुरवणाऱ्या एका कंपनीत ते रिपोर्ट तयार करीत. कंपनीतली माणसे त्यांना 'तक्तेवाले' म्हणत. पस्तीस वर्षांपूर्वी ते तिथे लागले तेव्हा गॅस भरण्याच्या शेडमध्ये एक काळा फळा होता, आणि किती टाक्या भरल्या, किती गेल्या, किती रिकाम्या परत आल्या हे खडूने लिहिणे एवढेच त्यांचे काम होते. पुढे फळा गेला, वही आली. वही गेली, कॉम्प्युटर आला. प्रत्येक वेळी नवे शिक्षण घेतलेली माणसे आली आणि दुसरीकडे जास्त चांगले मिळाले म्हणून निघून गेली. हे मात्र एका जाडजूड पुस्तकाची पाने झिजवीत घरच्या घरी क्वेरी, म्हणजे नोंदींतून हवी ती माहिती काढायला कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना, लिहायला शिकले. शेडमधल्या खणखणाटाने त्यांचा डावा कान कायमचा अधू झाला होता. बोलणाऱ्याकडे ते उजवा खांदा पुढे करून पाहत, त्यामुळे नवख्याला वाटे की हा माणूस आपल्याशी भांडायच्या पवित्र्यात उभा आहे. मलाही तसेच वाटले होते. भांडायला तर मी गेलोच होतो.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी कायद्याच्या पुस्तकांची मुद्रिते तपासतो. गेली सत्तावीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधणे हा माझा चरितार्थ आहे, आणि तक्रार करणे हा, लोक म्हणतात तसा, स्वभाव. लिफ्टच्या ठेकेदारापासून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयापर्यंत माझ्या अर्जांच्या पोचपावत्या एका कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना उत्तर आलेले नाही. ज्यांना आले, ते न आले असते तर बरे झाले असते, अशा प्रकारचे होते. कंपनीने पाठवलेले उत्तर त्याच प्रकारात मोडणारे.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच वाढवले, आणि बावन्न वर्षांच्या माणसाला ती शेवटपर्यंत 'छोट्या' म्हणत राहिली. तीस वर्षे तिने रंगाच्या कारखान्यात कोरडी पूड मोजून पिशव्यांत भरली होती. त्या पुडीने हळूहळू तिच्या छातीत घर केले. डॉक्टरांनी झोपताना नाकाशी प्राणवायूची नळी लावायला सांगितली, तेव्हापासून तिच्या पलंगाशी एक टाकी उभी असे आणि आणखी तीन दाराआड. टाकीच्या तोंडाशी पाण्याची एक छोटी बाटली होती. वायू त्या पाण्यातून येई, म्हणून बुडबुड्यांचा एक बारीक, अखंड आवाज त्या खोलीत भरून राहिलेला असे.

"हे ऐकत झोपलं की वाटतं, कुणीतरी शेजारी बसून पुटपुटतंय," ती म्हणायची.

"काय पुटपुटतं?"

"तुझी तक्रार. आणखी काय पुटपुटणार?"

आठवड्याला तिला साधारण सहा टाक्या लागत. कंपनीची गाडी आठवड्यातून तीन-चारदा येई आणि जितक्या रिकाम्या असतील तितक्या भरलेल्या देऊन जाई. आक्काला दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणे होत नसे. कधी गाडीवाला वर येई आणि ती स्वतः पावतीवर सही करी. कधी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई टाक्या घेत, कधी वॉचमन जिन्याखाली ठेवून घेई आणि सवडीने वर पोचवी. गुरुवारी आणि रविवारी मी जात असे. त्यांतला गुरुवार गाडीचा असला तर सही माझी.

जायच्या तीन आठवडे आधी ती फोनवर म्हणाली होती, "छोट्या, हल्ली टाक्या लवकर संपतात रे."

मी गुरुवारी दोनच घेतल्या होत्या. दोन म्हणजे नेहमीच्याच. मी म्हणालो, "तुला भास होतोय. आणि खरंच जास्त लागत असतील तर कंपनीला कळेल. आठवड्याला दहा किंवा त्याहून जास्त टाक्या लागल्या की त्यांचा माणूस तपासायला येतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेत छापलंय. पान सात."

"पान सात," ती म्हणाली. "मग काय बघायलाच नको."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी साडेदहाला गाडी आली. वॉचमन टाक्या घेऊन वर गेला आणि दार उघडले गेले नाही. पलंगाशेजारची टाकी रिकामी होती, दाराआडच्याही. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे नव्हते. पुढे तंत्रज्ञाने टाकीवरच्या रेग्युलेटरला साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा आतला नखाएवढा वॉशर कडक होऊन चिरलेला आढळला. कित्येक दिवस निम्मा वायू खोलीत निघून जात होता. तपासणीचा माणूस आला असता तर पाच मिनिटांत बदलला असता.

तो का आला नाही, एवढाच माझा प्रश्न होता. कंपनीला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला मी तो लेखी विचारला.

व्यवस्थापकांचे उत्तर दीड पानाचे होते. 'सदर ग्राहकाची कोणतीही नोंद विहित मर्यादेपलीकडे गेल्याचे आमच्या साप्ताहिक रिपोर्टात आढळत नाही,' असे त्यांनी कळवले होते, आणि पुराव्यादाखल ती गेली त्याच्या आधीच्या आठवड्याचा अख्खा रिपोर्ट जोडला होता. आपल्या निर्दोषपणाचा पुरावा माणूस किती विश्वासाने स्वतःच्या हाताने पाठवतो. चार पानांचा तो तक्ता मी मुद्रित तपासावे तसा पट्टी लावून ओळीने वाचत गेलो. तिसऱ्या पानावर पट्टी थांबली.

४१७, आक्काचे नाव, स्वतः, ३.
४१७, आक्काचे नाव, वरच्या बाई, ४.
४१७, आक्काचे नाव, वॉचमन, ३.
४१७, आक्काचे नाव, भाऊ, २.

एकही ओळ दहाच्या जवळपाससुद्धा नव्हती. मी पेन्सिलीने बेरीज केली. बारा.

माझ्या खोलीत पाणी नव्हते, बाटली नव्हती, टाकी नव्हती. तरी मला बुडबुडे ऐकू आले. मी उठून नळ तपासला. नळ बंद होता.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलो. व्यवस्थापकांनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला, पेन्सिलीची बेरीज स्वतः करून पाहिली, आणि तत्काळ त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. चूक सापडल्याचा नव्हे, चूक करणारा सापडल्याचा.

"हे रिपोर्ट आमचे तक्तेवाले करतात," ते म्हणाले. "मागच्या खोलीत बसतात. तुम्ही थेट त्यांच्याशीच बोला ना. म्हणजे तुमचंही समाधान होईल."

मागची खोली शेडला लागून होती. भिंतीपलीकडे टाक्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि प्रत्येक ठोक्याला टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरे. स्वेटर घातलेला एक किडकिडीत माणूस उजवा खांदा पुढे करून उठला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि चार ओळींवर बोट फिरवले.

त्यांनी चारही ओळींचे आकडे ओठातल्या ओठात मिळवले.

"या गेल्या?" त्यांनी विचारले.

"बुधवारी महिना होईल."

"बसा," ते म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले. मग खुर्ची ओढून त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी उघडले. "तुम्हाला दाखवतो. मी सांगण्यापेक्षा तुम्ही बघा."

त्यांनी जे दाखवले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. रोज प्रत्येक पावती एक स्वतंत्र नोंद म्हणून कॉम्प्युटरमध्ये जाते: ग्राहकाचा क्रमांक, टाक्या किती, घेतल्या कुणी. सोमवारी क्वेरी या नोंदींचे गट पाडते आणि प्रत्येक गटाची बेरीज करून एकेक ओळ छापते. गट कशावरून पाडायचा हे तिला 'ग्रुप बाय' असे लिहून सांगावे लागते. तिथे फक्त ग्राहक असेल तर एका ग्राहकाचा एक गट, एक ओळ, एक बेरीज.

"आणि इथं," त्यांनी पडद्यावर बोट ठेवले, "ग्राहकाच्या पुढं मी घेणाऱ्याचं नाव लिहिलंय. त्यामुळं ग्राहक तोच, पण घेणारा बदलला की गट वेगळा. चार माणसांनी टाक्या घेतल्या, चार गट झाले. दहाची मर्यादा बेरीज झाल्यावर लागते, पण ज्या त्या गटाला वेगवेगळी. बारा कुणालाच दिसले नाहीत. यंत्रालासुद्धा नाही."

"मग ते नाव तिथं लिहिलंत कशाला?"

"रिपोर्टात दाखवायचं होतं. नुसतं दाखवायला गेलो तर यंत्र अडतं. त्याचं म्हणणं, या ग्राहकाची नावं चार आहेत, एका ओळीत मी त्यांतलं कोणतं छापू? एकतर ते गटात घ्या, नाहीतर काढून टाका." ते थांबले. "मी गटात घेतलं. अडायचं थांबलं. मला वाटलं, जमलं."

"वाटलं? तपासलं नाहीत?"

"तपासलं. तेच तर." त्यांनी खणातून एक वही काढली. प्रत्येक सोमवारी ते गोडाऊनमधून गेलेल्या टाक्यांचा आकडा आणि पूर्ण रिपोर्टची एकूण बेरीज शेजारी शेजारी लिहून खाली रेघ ओढीत. "त्या आठवड्यात गोडाऊन चारशे अडतीस, रिपोर्ट चारशे अडतीस. तुकडे कितीही केले तरी सगळ्यांची बेरीज तेवढीच येणार. मी बेरीज तपासली. ओळी मोजल्या नाहीत. ग्राहक एकसष्ट, ओळी सत्त्याण्णव. चौदा महिने."

"आणि चौदा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"ज्यांच्या घरी एकच माणूस टाकी घेतं, त्यांची ओळ एकच राहते. ती माणसं दहाच्या यादीत येत होती, आमचा माणूस जात होता. यादी रिकामी आली असती तर कुणीतरी विचारलं असतं."

मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. शिकलेल्या माणसाला मर्यादशील भाषेत किती क्रूर होता येते, याचा तो नमुना होता. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. मी निघताना ते एवढेच म्हणाले, "आजच दुरुस्त करतो."

"आज," मी म्हणालो.

"हो. आज," ते म्हणाले.

त्यानंतर महिनाभर परवाना कार्यालयाशी पत्रव्यवहार चालला. व्यवस्थापकांनी मला दोनदा फोन केला. त्यांचा सूर आता मायेचा होता. "कार्यालयाला एक नाव हवंय," ते म्हणाले. "तुमच्या जबानीत ते आलं की आम्ही त्यांना कमी करतो आणि प्रकरण मिटतं. त्यांना निवृत्तीला आठच महिने राहिलेत, आम्हालाही जिवावर येतंय. पण तुमच्या दुःखापुढं ते काय."

दुःखाची मला सवय होत चालली होती. त्या बुडबुड्यांच्या आवाजाची होईना. मुद्रिते तपासताना समासात तो सुरू होई आणि मी मान वर केली की थांबे. गुरुवार आला की जास्त. दोन टाक्यांची सही करून मी जिना चढतो आहे आणि वरून आक्का विचारते आहे, किती रे? आणि मी सांगतो, दोन. खरेच सांगतो. तेवढ्याच होत्या.

कार्यालयाच्या नमुन्यात जबानी भरताना मला मूळ क्वेरीची प्रत जोडायची होती. ती घ्यायला मी एका सोमवारी पुन्हा कंपनीत गेलो. मागच्या खोलीत तक्तेवाले नव्हते. त्यांची पत्नी डबा घेऊन दारात थांबली होती. मी कोण हे तिने विचारले नाही. ओळखले असावे.

"येतील एवढ्यात," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी फिरतात ते. हल्ली डोकं ठिकाणावर नाही. घरात माणसं दोन, तरी जेवायला बसायच्या आधी ताटं मोजतात. दोन आहेत म्हटलं की पुन्हा मोजतात."

"कुठं फिरतात?"

"तुम्हीच विचारा. मला सांगतात, पाय मोकळे करतो. पाय मोकळे करायला साबणाचं पाणी कशाला लागतं?"

ते आले तेव्हा त्यांच्या खिशातून खरोखरच एक छोटी बाटली डोकावत होती. पत्नीने डबा ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती निघून गेली. तक्तेवाल्यांनी खिशातली बाटली टेबलावर ठेवली. तळाशी फेस होता.

"कुठं गेला होतात?" मी विचारले. विचारायचे ठरवले नव्हते.

"चौदा महिन्यांचे सगळे आठवडे पुन्हा काढले," ते म्हणाले. "नीट गट पाडून. तुमच्या बहिणीसारखी आणखी सोळा घरं निघाली. दहाच्या वर गेलेली आणि यादीत न आलेली. त्या घरांना जाऊन येतो. रेग्युलेटरला पाणी लावतो. बुडबुडा आला तर वॉशर बदलतो."

"कंपनीनं सांगितलं?"

"कंपनीला विचारलं तर आधी पत्र काढतील."

"सोळांपैकी किती झाली?"

"अकरा. दोघांचे वॉशर गेलेले होते. एक म्हातारा म्हणाला, आमची टाकी तर नेहमीच लवकर संपते, तुम्ही आत्ता का आलात? काय सांगणार? बदलून दिला. चहा देत होता, घेतला नाही." ते पेल्यातल्या पाण्याकडे पाहू लागले. भिंतीपलीकडे टाकी आपटली, पाणी थरथरले. "तीन घरांत माणूसच नाही आता. वयानं गेली, आजारानं गेली, की आणखी कशानं, ते मला कळायचा मार्ग नाही. घरच्यांना मी विचारलं नाही. दारातूनच परतलो. एका घरी टाकी अजून कोपऱ्यात होती. मी जिना उतरलो तरी बाटलीतला आवाज येत होता मला. डाव्या कानात. या कानानं मला ऐकू येत नाही."

माझ्या कानांविषयी त्यांना सांगावे असे एकदा जिभेवर आले आणि मी ते गिळले.

"क्वेरीची प्रत हवी होती," मी म्हणालो. "जुनी. दुरुस्तीच्या आधीची."

त्यांचा हात कीबोर्डवर थबकला. "व्यवस्थापक देतील की."

"त्यांनी तुमच्याकडे पाठवलं."

"नुसत्या चार ओळी जोडल्या तरी पुरतील तुम्हाला. क्वेरी कशाला?"

इतक्या दिवसांत त्यांनी टाळाटाळ केलेली मी प्रथमच पाहिली, आणि मुद्रितशोधकाची जुनी खाज जागी झाली. "मला ती हवी आहे," मी म्हणालो.

त्यांनी प्रत छापली. यंत्रातून कागद निघाला तो त्यांनी क्षणभर हातातच धरला, मग दिला. वीसेक ओळी होत्या. सर्वांत वर, यंत्राने वाचायची नसलेली, माणसांसाठी ठेवलेली एक टीप होती. दिनांक चौदा महिन्यांपूर्वीचा. 'तक्रार क्रमांक २१२ नुसार घेणाऱ्याचे नाव रिपोर्टात जोडले.'

माझ्या कपाटात पोचपावत्या वर्षवार लावलेल्या आहेत. दोनशे बारा हा आकडा मला घरी जाऊन पाहावा लागला नाही.

चौदा महिन्यांपूर्वी आक्काच्या नावावर एक टाकी जादा मांडली गेली होती. कंपनी म्हणत होती दिली, आक्का म्हणत होती मिळाली नाही. मी तीन पानी अर्ज केला होता. टाकी कुणाच्या हाती दिली हे साप्ताहिक रिपोर्टात ग्राहकाच्या नावापुढे छापलेच पाहिजे, अन्यथा मी वरपर्यंत जाईन, असे त्याचे शेवटचे वाक्य होते. आठ दिवसांनी ती टाकी जिन्याखाली वॉचमनच्या खाटेमागे सापडली. ते कंपनीला कळवण्याची मला गरज वाटली नव्हती. मागणी तत्त्वाची होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

"तुमचं नाव अर्जावर होतं."

"मग त्या दिवशी मी एवढं बोलत होतो, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?" त्यांनी उजवा खांदा पुढे केला. आता त्यात भांडण नव्हते, नीट ऐकू यावे एवढीच धडपड होती. "तुमची मागणी रास्त होती. टाकी कुणी घेतली हे कळायलाच हवं. त्यासाठी दुसरा रिपोर्ट करायचा होता मी. एक बेरजेचा, एक नावांचा. मी एकातच घातलं. ते तुम्ही नाही सांगितलं मला."

"तरीपण."

"आणि भाऊ म्हणून तुमची ओळ होती त्यात. दोन टाक्यांची. मी म्हटलं, ती तुम्हाला दिसली असेलच. आणखी वर हे कशाला दाखवायचं?"

ती ओळ मी पहिल्या दिवशी पाहिली होती. बेरजेत दोन म्हणून मिळवली होती. ती मी आहे, हे वाचले नव्हते.

मी उठत होतो तेव्हा ते म्हणाले, "एक विचारायचं राहिलं. आजचा रिपोर्ट बघता का?"

दुरुस्त रिपोर्ट दोन पानांचा झाला होता. नावे आता वेगळ्या तक्त्यात गेली होती. बेरजेच्या तक्त्याखाली त्यांनी नवी ओळ घातली होती: 'छापलेल्या ओळी ६१, ग्राहक ६१.' हे दोन आकडे जुळले नाहीत तर रिपोर्ट बाहेर जात नाही, असे त्यांनी सांगितले. वर, चारशे सोळा आणि चारशे अठरा यांच्यामध्ये, एक ओळ होती.

४१७, आक्काचे नाव, ०.

"आता यादी ग्राहकांच्या नोंदवहीवरून सुरू होते," ते हळू म्हणाले. "टाकी एकही गेली नाही तरी खातं चालू असेल तर ओळ येते. शून्य घेऊन. आणि तुमची तक्रार निकाली निघेपर्यंत खातं बंद करता येत नाही, नियम आहे. दर सोमवारी येतात त्या. मी म्हटलं, तुम्हाला विचारावं. नको असेल तर यादीतून वगळतो."

एका ओळीत होती. अखंड. इतक्या दिवसांत मी तिला चार तुकड्यांतच पाहत आलो होतो.

"असू द्या," मी म्हणालो.

त्या सोमवारनंतर मी सहा सोमवार तिथे गेलो. कारण कुणी विचारले नाही. ते कागद पुढे करीत, मी पट्टी लावून खाली येई, चारशे सतरापाशी थांबे. शून्य. मग ते बाटली खिशात घालून उरलेल्या घरांकडे निघत. तिसऱ्या सोमवारी मी सोबत गेलो. एका तळमजल्याच्या खोलीत त्यांनी रेग्युलेटरला बोटाने पाणी लावले आणि आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. बुडबुडा आला नाही. घरच्या बाईने विचारले, "हे कोण? साहेब आहेत का?" तक्तेवाले म्हणाले, "ओळी मोजणारे आहेत." तिला ते पटले असावे.

जबानीची मुदत संपत आली. व्यवस्थापक फोन करीत राहिले. नमुन्यात 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यापुढे एकच रेघ होती, एक नाव मावेल एवढी. ती भरली नाही तर प्रकरण पडून राहील. प्रकरण पडून राहिले तर खाते उघडे राहील, आणि दर सोमवारी ती येत राहील. तक्तेवाल्यांच्या डोक्यावर मात्र चौकशी लटकत राहील, आणि आठ महिन्यांनी नव्हे तर त्याआधीच कंपनी त्यांना कशात तरी धरून बाहेर काढील. मग सोमवारचा कागद कुणाच्या हातात जाईल, आणि ते दोन आकडे जुळले नाहीत तर तो कुणी अडवील, हे मला ठाऊक नव्हते.

मी त्या रेघेवर कुणाचेच नाव लिहिले नाही. वेगळा कागद जोडला. तक्रार दोनशे बारा मी केली होती. टाकी सापडल्यावर ती मागे घेतली नाही. त्या तक्रारीवरून रिपोर्टात बदल करताना कंपनीत तो दुसऱ्या कुणी तपासावा अशी पद्धतच नव्हती. टाक्या लवकर संपतात हे बहिणीने मला तोंडाने सांगितले होते आणि मी तिला पान सात सांगितले. बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याने चूक लपवली नाही आणि उरलेली घरे स्वतः तपासली. त्यांना त्याच कामावर ठेवावे. माझी तक्रार एवढ्यावर निकाली काढावी. खाली सही केली. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत छोटा अर्ज असावा.

पंधरा दिवसांनी पोच आली. व्यवस्थापक त्यानंतर माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. तक्तेवाले कामावर राहिले.

पुढच्या सोमवारी मी गेलो तेव्हा त्यांनी कागद लगेच पुढे केला नाही. पालथा धरला होता. "खातं शुक्रवारी बंद झालं," ते म्हणाले. "बघणार आहात का?"

मी पट्टी लावली. चारशे सोळा. चारशे अठरा. मध्ये नेहमीचेच अंतर होते, बाकीच्या ओळींमध्ये असते तेवढेच. मी पट्टी तिथे बराच वेळ धरून ठेवली. पेल्यातले पाणी थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. मग मी शेवटपर्यंत खाली आलो.

छापलेल्या ओळी ६०, ग्राहक ६०.

"जुळतंय?" त्यांनी विचारले, उजवा कान माझ्याकडे करून.

"जुळतंय," मी म्हणालो.

त्यांनी वहीत दोन आकडे लिहून खाली रेघ ओढली. मग ते काही वेळ तसेच बसले. पेन उचललेले, मान किंचित डावीकडे कललेली. ते कशाकडे कान देत होते हे मी विचारले नाही. मलाही ऐकू येत होते.